निवेदनाच्या संहितेत शांततेच्या जागा आधी ठरवा

ऑडिओ कथेच्या निवेदनाची संहिता हातात आली की पहिल्यांदा संगीताच्या तुकड्यांचं फोल्डर उघडू नका. एखादी आवडती धून सापडली की तिच्यासाठी जागा शोधायला सुरुवात होते, आणि मग सगळ्या संहितेवर ती पसरते. त्याऐवजी घड्याळ लावून संपूर्ण निवेदन मोठ्याने वाचा. वाचताना ज्या वाक्यानंतर पुढचं वाक्य लगेच उच्चारवत नाही, तिथे पेन्सिलीने आडवी रेघ ओढा. या रेघा म्हणजे शांततेच्या जागा. त्या आधी पक्क्या झाल्या की संगीत आणि ध्वनिपरिणाम कुठे हवेत, हे बरंचसं आपोआप कळतं.

उदाहरणासाठी मीच रचलेला हा उतारा घ्या:

रात्रीचे अडीच वाजले होते. फोन वाजला. सुधाने दिवा न लावताच तो उचलला. ‘हो, मीच बोलतेय.’ पलीकडचा माणूस जेमतेम अर्धा मिनिट बोलला. तिने फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिली. उजाडलं तेव्हाही ती तिथेच होती.

पहिल्या झटक्यात सुचतं ते असं: अडीच वाजले म्हणून घड्याळाची टिकटिक, मग फोनची रिंग आणि माणूस बोलायला लागला की व्हायोलिनचे करुण सूर. यातली टिकटिक पहिल्यांदा काढून टाका, कारण वेळ शब्दांनी आधीच सांगितली आहे. प्रत्येक क्यूला, म्हणजे कुठला आवाज कुठे वाजवायचा या सूचनेला, एकच प्रश्न विचारायचा: हा आवाज शब्दांनी न सांगितलेलं काही सांगतोय का? रिंगच्या बाबतीत प्रश्न उलटा पडतो. रिंग ऐकू येणार असेल तर ‘फोन वाजला’ या वाक्याची गरज उरत नाही. दोन्ही ठेवलं की ऐकणाऱ्याला एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखं होतं. लेखकाशी बोलून ते वाक्य काढता आलं तर उत्तम. लेखक तयार नसेल, तर वाक्य ठेवा आणि रिंग सोडा.

व्हायोलिनचा निर्णय जास्त महत्त्वाचा आहे. पलीकडचा माणूस काय बोलला हे संहितेने मुद्दाम लपवलं आहे. तिथे करुण सूर लावले की बातमी वाईट आहे हे सुधाच्या आधी श्रोत्याला कळतं, आणि खुर्चीत बसून राहण्यातला सगळा ताण निघून जातो. निवेदनाखालचं संगीत बहुतेक वेळा इथेच चुकतं: ते भावना आधीच जाहीर करून टाकतं. या उताऱ्यात संगीत हवंच असेल, तर ते ‘तिथेच होती’ या शब्दांनंतर, साधारण एक सेकंद थांबून सुरू व्हावं.

आता शांतता. ‘बसून राहिली’ आणि ‘उजाडलं’ यांच्यामध्ये रात्र उलटते, म्हणून तिथे तीन सेकंदांची जागा. पण नुसते तीन सेकंद रिकामे सोडून शांतता जाणवत नाही. त्याआधी काहीतरी वाजत असावं लागतं. म्हणून अगदी पहिल्या वाक्यापासून पंख्याची मंद घरघर ठेवा. दोन-तीन वाक्यांत कान तिला सरावतो आणि तिची दखल घेणं सोडून देतो. ‘फोन ठेवला’ या शब्दांवर ती घरघर अर्ध्या सेकंदात ओसरू द्या. आवाज असताना जो लक्षात आला नव्हता, तो गेल्यावर लक्षात येतो, आणि पुढचे तीन सेकंद खरोखर रिकामे वाटतात. मला या सगळ्या कामातली ही सर्वांत मोलाची युक्ती वाटते, कारण तिच्यात श्रोत्याला काही सुचवलं जात नाही, फक्त एक आवाज काढून घेतला जातो.

मात्र ‘रिकामे’ म्हणजे फाइलमध्ये शून्य आवाज नव्हे. निवेदकाच्या खोलीचा एक बारीक आवाज प्रत्येक शब्दामागे रेकॉर्ड झालेला असतो, त्याला रूम टोन म्हणतात. तो मध्येच तुटला की इयरफोनवर ऐकणाऱ्याला रेकॉर्डिंग बंद पडल्यासारखं वाटतं. म्हणून रेकॉर्डिंगच्या दिवशी, माइक आणि निवेदक जागेवरच असताना, कोणी हलू नये असं सांगून मिनिटभर नुसती खोली रेकॉर्ड करून घ्या, आणि शांततेच्या जागी तो तुकडा भरा. एडिटिंगमध्ये ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा नॉइज गेट लावला असेल तर तो ही भरलेली शांतता पुन्हा पुसून टाकत नाही ना, हे तपासा. काही ॲपमध्ये मोकळ्या जागा आपोआप कमी करण्याची सोय असते आणि पुष्कळ लोक प्रवासात ऐकतात, त्यामुळे चार-पाच सेकंदांच्या पुढे जायचं तर कारण भक्कम हवं.

क्यू लिहिताना प्रत्येकाला क्रमांक द्या आणि तो नेमका कोणत्या शब्दावर सुरू होतो, कोणत्या शब्दावर संपतो, हे दोन्ही लिहा. सुरुवात सगळे लिहितात, शेवट राहून जातो, आणि मग संगीत पुढच्या परिच्छेदात विनाकारण रेंगाळत राहतं. ‘फोन वाजला’ हे वाक्य काढलं आहे असं धरून आपल्या उताऱ्याचे क्यू असे होतील:

इफेक्ट १: पंखा, मंद. ‘रात्रीचे’च्या दोन सेकंद आधी सुरू. ‘फोन ठेवला’वर ओसरतो.
इफेक्ट २: फोनची रिंग. ‘होते’नंतर अर्ध्या सेकंदाने. दोन पूर्ण, तिसरी ‘उचलला’वर मध्येच तुटते.
शांतता १: ‘बसून राहिली’नंतर ३ सेकंद, रूम टोन.
संगीत १: ‘तिथेच होती’नंतर एक सेकंदाने. पुढच्या प्रसंगाच्या पहिल्या शब्दाआधी बाहेर.

शांततेलाही क्रमांक दिला आहे, हे पाहा. क्रमांक नसला की एडिटिंग करणारी व्यक्ती ती राहून गेलेली फट समजून भरून टाकते. तिसरी रिंग मात्र फेड करू नका. फोन उचलल्यावर रिंग हळूहळू विरत नाही, कापली जाते.

दुसऱ्या एखाद्या प्रसंगात शब्दांखाली संगीत ठेवावंच लागलं, तर गाण्याचे बोल असलेला तुकडा टाळा, कारण कान दोन्हीकडचे शब्द पकडायला जातो. बासरी, सारंगी, व्हायोलिन यांची सुरावट माणसाच्या आवाजाच्या पट्टीजवळून जाते, त्यामुळे ती निवेदनाशी भांडते. संथ, लांब धरलेले खालचे सूर तुलनेने सुरक्षित. पातळी निवेदनापेक्षा १५ ते २० डेसिबल खाली ठेवून सुरुवात करा आणि मग कानाने ठरवा. आणलेला तुकडा वापरायची परवानगी आहे ना, हेही याच टप्प्यावर बघून घ्या.

निवेदकाला द्यायच्या प्रतीवर शांततेच्या जागा ठळक हव्यात. ‘बसून राहिली’नंतर त्याने लगेच पान उलटलं किंवा मोठा श्वास घेतला, तर त्या वाक्याचा शेवट खराब होतो आणि रूम टोन तिथे स्वच्छ जोडता येत नाही. पान त्या वाक्यावर संपणार नाही अशी मांडणी करा.

मिक्स तयार झाल्यावर तो एकदा इयरफोनवर आणि एकदा फोनच्या साध्या स्पीकरवर, आवाज कमी ठेवून ऐका. फोनच्या स्पीकरवर खालचे सूर जवळजवळ नाहीसे होतात. पंख्याची घरघर तिथे ऐकूच आली नाही, तर तिच्या जाण्याने होणारा परिणामही होणार नाही. अशा वेळी आवाज वाढवण्यापेक्षा थोडी वरच्या पट्टीतली, पात्यांची फरफर ऐकू येणारी दुसरी ध्वनिफीत निवडा. त्यानंतर एकेक क्यू बंद करून उतारा पुन्हा ऐका, आणि ज्याच्या जाण्याने काहीच बिघडत नाही तो संहितेतूनही खोडा.