लाभांशावरचा दुहेरी कर मोजायला बसण्यापूर्वी: तयारीची यादी

लाभांश खात्यात जमा झाला की आता यावर किती कर बसेल, हे बहुतेक जण बघतात. त्यावर आधीच किती कर गेलाय, हे सहसा कोणी बघत नाही, कारण बँकेच्या नोंदीत तो दिसतच नाही. म्हणून कागद मांडताना सुरुवात लाभांशापासून करू नका. ज्या नफ्यातून तो आला त्या करपूर्व नफ्यापासून करा. कंपनी कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती असते, त्यामुळे तिच्या नफ्यावर तिचा कर लागतो. उरलेला नफा भागधारकाला वाटला की तो त्याचे उत्पन्न ठरतो आणि त्यावर त्याचा कर लागतो. पैसा तोच, पण करदाते दोन. हाच नफा कंपनीने कर्जाचे व्याज म्हणून दिला असता, तर ते सहसा खर्चात वजा झाले असते आणि कंपनीच्या पातळीवरचा कर वाचला असता. लाभांशाला ती वजावट मिळत नाही.

कच्च्या कागदावर एक साधा हिशेब आधी करून ठेवा, पुढे ताडून बघायला तो लागेल. अमेरिकेत 2018 पासून कंपन्यांवरचा केंद्रीय कर 21 टक्के आहे. कंपनीने 100 कमावले की 21 गेले, 79 उरले. हे सगळे वाटले आणि भागधारक लाभांशावरच्या सर्वांत वरच्या, म्हणजे 20 टक्क्यांच्या दरात बसत असेल, तर आणखी 15.80 गेले. हातात राहिले 63.20. दोन्ही मिळून कर 36.80 टक्के झाला. 21 आणि 20 यांची बेरीज 41 येते, पण दुसरा कर 100 वर नाही, 79 वर लागतो. दरांची नुसती बेरीज करून मोकळे होणारे बरेच भेटतात, म्हणून हा आकडा लिहून ठेवा. राज्यांचे कर आणि मोठ्या उत्पन्नावरचा जादा कर यात धरलेला नाही.

यानंतर ठरवायचे ते हे, की संबंधित देश सवलत कुठल्या टप्प्यावर देतो. याचे उत्तर चुकले तर पुढचे सगळे आकडे चुकतात. काही देश भागधारकाचा दर कमी ठेवतात. अमेरिकेतला 20 टक्के हा तसा सवलतीचाच दर आहे, पगारावरचा सर्वोच्च दर त्याहून बराच जास्त असतो. काही देश कंपनीचा कर हाच शेवटचा कर मानतात आणि भागधारकाला मोकळे सोडतात. सिंगापूरने 2003 पासून ही पद्धत आणली. एस्टोनियाने उलटी वाट धरली: 2000 पासून तिथे नफा कंपनीत राहीपर्यंत कर नाही, वाटला की कर. भारतात 2020 पर्यंत लाभांश वितरण कर कंपनी भरत होती. तो गेला आणि लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात, त्याच्या स्वतःच्या दराने धरला जाऊ लागला. याने दुहेरीपण संपले नाही, दुसरा कर कोणी भरायचा एवढेच बदलले. आणखी एक प्रकार आहे, ज्यात कंपनीने भरलेला कर भागधारकाच्या नावावर जमा धरतात. माझ्या मते सगळ्यांत नीट विचार केलेली पद्धत हीच, आणि हिशेबातल्या चुकाही हिच्यातच सर्वांत जास्त होतात. म्हणून पुढची तयारी तिच्यासाठी.

ऑस्ट्रेलियात ही पद्धत 1 जुलै 1987 पासून आहे. तिथे या जमा कराला फ्रँकिंग क्रेडिट म्हणतात. कंपनी स्वतःच्या देशात कर भरते तसतशी तिच्या फ्रँकिंग खात्यात जमा होते आणि लाभांश देताना ती त्याला जोडता येते. त्यामुळे हाताशी हवे ते कंपनीचे लाभांश विवरण, नुसते बँकेचे पासबुक चालणार नाही. विवरणात तीन आकडे शोधा: फ्रँक केलेली, म्हणजे क्रेडिट जोडलेली रक्कम, फ्रँक न केलेली रक्कम आणि क्रेडिट. समजा रोख लाभांश 7,000 डॉलर आहे, तो पूर्ण फ्रँक केलेला आहे आणि कंपनीचा दर 30 टक्के आहे. मग क्रेडिट किती? अनेकांचा हात 7,000 च्या 30 टक्क्यांकडे जातो आणि 2,100 येतात. ते चूक आहे. 7,000 हा करानंतरचा 70 टक्के भाग आहे, म्हणून क्रेडिट सातास तीन या प्रमाणात, म्हणजे 3,000 येते. लहान कंपन्यांना 25 टक्के दर लागतो, तिथे क्रेडिट रोख लाभांशाच्या एक तृतीयांश असते. विवरणातला आकडा या प्रमाणाशी जुळला नाही, तर लाभांश बहुधा अर्धवट फ्रँक केलेला असतो. 7,000 पैकी 60 टक्केच फ्रँक असतील, तर 4,200 वर 1,800 चे क्रेडिट मिळेल, उरलेल्या 2,800 वर काहीच नाही.

आता स्वतःचा कराचा दर शेजारी लिहा आणि पूर्ण फ्रँक केलेल्या लाभांशाचा हिशेब पुरा करा. उत्पन्नात 7,000 नव्हे, 10,000 दाखवायचे, म्हणजे लाभांश अधिक क्रेडिट. रोख तेवढीच दाखवून वर क्रेडिटही मागितले, तर उत्पन्न कमी दाखवल्यासारखे होते. भागधारकाचा दर 30 टक्के असेल तर कर 3,000, क्रेडिट 3,000, देणे शून्य. 45 टक्के असेल तर कर 4,500, त्यातून 3,000 वजा, वर 1,500 भरायचे. एकूण भार 4,500 झाला, म्हणजे 10,000 त्याने स्वतःच कमावले असते तर लागला असता तेवढाच. (मेडिकेअरचा अधिभार बाजूला ठेवला आहे.) आणि ज्याचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली आहे, त्याला 3,000 परत मिळतात. हा परतावा 1 जुलै 2000 पासून सुरू झाला. 2019 च्या निवडणुकीत लेबर पक्षाने तो बहुतेकांसाठी बंद करण्याचा प्रस्ताव मांडला होता, पण पक्ष हरला आणि परतावा राहिला. न्यूझीलंडमध्येही जमा कराची पद्धत आहे, पण जादा क्रेडिटचे रोख पैसे तिथे मिळत नाहीत, ते पुढच्या वर्षांसाठी ओढले जाते. म्हणून "क्रेडिट मिळते का" याच्या जोडीला "उरलेले क्रेडिट परत मिळते का" हेही विचारून घ्या. कमी उत्पन्नाच्या माणसाला जास्त फरक दुसऱ्या प्रश्नाने पडतो.

कंपनीने खरोखर किती कर भरला, हेही तपासायला घ्या. कायद्यातला दर आणि भरलेला कर यात अंतर असते. मागचा तोटा वजा झाला असेल, नफा परदेशात कमावला असेल किंवा एखादी करसवलत घेतली असेल, तर फ्रँकिंग खात्यात थोडीच रक्कम असते. समजा कंपनीने 100 च्या नफ्यावर सवलतीमुळे 10 च कर भरला आणि 90 वाटले. ऑस्ट्रेलियातल्या 45 टक्क्यांच्या भागधारकाचे उत्पन्न 100 धरले जाईल, कर 45, क्रेडिट 10, भरायचे 35. एकूण कर पुन्हा 45. कंपनीला दिलेली सवलत लाभांशाच्या वाटेवर गळून गेली. अमेरिकेत हीच कंपनी 90 वाटेल, त्यावर 20 टक्क्यांनी 18 जातील, एकूण 28. म्हणजे आधीच्या 36.80 पेक्षा बरेच कमी. तिथला सवलतीचा दर कंपनीने प्रत्यक्ष किती कर भरला हे विचारतच नाही, त्यामुळे पहिल्या पातळीवर फारसा कर गेलेला नसला तरी दुसऱ्या पातळीवर सवलत मिळून जाते. दुहेरी कराची तक्रार ऐकताना हे ध्यानात ठेवावे. काही वेळा तो जेमतेम दीडपट असतो.

शेअर घेतल्या-विकल्याच्या तारखा वेगळ्या कागदावर काढा. फक्त क्रेडिट मिळवण्यासाठी लाभांशाच्या तोंडावर शेअर घेऊन लगेच विकू नये, म्हणून ऑस्ट्रेलियात साध्या शेअरसाठी 45 दिवसांचा नियम आहे. प्रेफरन्स शेअरला 90 दिवस. खरेदीचा आणि विक्रीचा दिवस मोजत नाहीत, आणि नेमके तिथेच चुकते. 3 मे रोजी घेऊन 17 जूनला विकले, तर मेचे 28 आणि जूनचे 16 मिळून 44 दिवस भरतात. एका दिवसाने क्रेडिट गेले, लाभांश मात्र करपात्रच राहिला. त्यातच शेअर दोन हप्त्यांत घेतले असतील, तर या नियमापुरते शेवटी घेतलेले आधी विकले असे धरतात. जुन्या शेअरच्या भरवशावर निर्धास्त राहणाऱ्याला हे उशिरा कळते. पडत्या भावापासून वाचायला ऑप्शन घेऊन धोका जवळपास संपवला असेल, तर ते दिवसही भरत नाहीत. व्यक्तीच्या वर्षभराच्या सगळ्या क्रेडिटची बेरीज 5,000 डॉलरच्या आत असेल, तर एवढी दगदग करावी लागत नाही, म्हणून ही बेरीज तारखा मोजण्याआधीच करून बघावी.

शेअर एखाद्या कंपनीच्या नावावर असतील तर हिशेब निराळा. नफा उपकंपनीतून मूळ कंपनीत आणि तिथून माणसाकडे गेला, तर प्रत्येक पायरीवर कर लागून दुहेरीचा तिहेरी होऊ शकतो. बहुतेक देश मधल्या पायरीला सूट देतात, पण सहसा ठराविक हिस्सा हातात असेल तरच. युरोपीय संघाच्या नियमात ही अट साधारण 10 टक्क्यांची आहे. त्यामुळे भागधारणेचे प्रमाण कुठल्या तारखेला किती होते, याचा पुरावा ठेवा.

लाभांश दुसऱ्या देशातून येत असेल, तर अपेक्षा आधीच बेताची ठेवा. ऑस्ट्रेलियातला पूर्ण फ्रँक केलेला लाभांश परदेशी भागधारकाला दिला, तर तिथे उद्गम कर कापला जात नाही. पण ते 3,000 चे क्रेडिट त्याला वापरता येत नाही, परत मागता येत नाही. फ्रँक न केलेल्या भागावर कर कापला गेला, तर त्याचे श्रेय स्वतःच्या देशात मागता येते, कारण तो कर भागधारकाच्या नावाने गेलेला असतो. कंपनीने स्वतःच्या नफ्यावर भरलेल्या कराचे श्रेय मात्र किरकोळ गुंतवणूकदाराला सहसा मिळत नाही. दोन देशांतले करार पाहतात ते एकाच माणसाकडून एकाच उत्पन्नावर दोनदा घेतलेल्या कराकडे. कंपनी आणि भागधारक या दोघांकडून घेतलेल्या कराला ते सहसा हात लावत नाहीत. फिनलंडने स्वतःच्या कंपन्यांच्याच लाभांशाला क्रेडिट दिले आणि स्वीडनच्या कंपनीच्या लाभांशाला नाकारले, तेव्हा 2004 मध्ये युरोपीय न्यायालयाने ते भांडवलाच्या मुक्त संचाराविरुद्ध ठरवले. त्या सुमारास जर्मनी, फ्रान्स, फिनलंड अशा अनेक देशांनी क्रेडिटची पद्धत सोडली आणि लाभांशाचा काही भागच करपात्र धरण्यासारखे उपाय आणले. म्हणून जुन्या पुस्तकात वाचलेली पद्धत वापरण्याआधी ती कोणत्या वर्षापर्यंत चालू होती, ते पाहून घ्या.