या चुका टाळा : पदवीवरचा नाव-आडनावाचा क्रम बदलून मागताना

विद्यापीठाच्या प्रमाणपत्र विभागात मी बरीच वर्षं काढली. आता घरी असते, तरी कुलसचिवांना लिहिलेली पत्रं लोक अजून मला वाचायला पाठवतात. दहा पत्रांपैकी नऊ पत्रांत चूक तीच असते, आणि ती विषयाच्या ओळीतच असते : ‘पदवीवरील नाव बदलून मिळणेबाबत’.

अहो, नाव कुठे बदलायचंय? नाव तेच आहे, त्यातले शब्द तेच आहेत, फक्त त्यांच्या जागा बदलायच्या आहेत. पण ‘नाव बदलणे’ हे शब्द वाचले की लिपिक तुमचं पत्र नावबदलाच्या गठ्ठ्यात टाकतो. त्या गठ्ठ्याचे नियम वेगळे असतात : सरकारी पुरावा, प्रतिज्ञापत्र, कधी समितीची बैठक. मग तुमच्याकडे नसलेला कागद मागणारं उत्तर येतं आणि तुम्ही विद्यापीठाला शिव्या घालता. ‘पदवी प्रमाणपत्रावरील नाव व आडनाव यांचा क्रम दुरुस्त करण्याबाबत’ असं लिहा, आणि पहिल्याच परिच्छेदात सांगा की कोणताही शब्द किंवा स्पेलिंग बदलायचं नाही.

याच्या पुढची चूक जास्त महाग पडते. ‘कृपया नावाचा क्रम उलटा करावा.’ वाक्य किती सरळ दिसतं! आमच्याकडे असंच एक पत्र आलं होतं. नाव इथे नमुन्याचं घेते. पदवीवर छापलं होतं ‘पवार मीरा वसंत’, आणि मुलीला हवं होतं ‘मीरा वसंत पवार’. लिपिक नवा होता आणि आज्ञाधारक होता. त्याने क्रम खरोखरच उलटा केला, शेवटचा शब्द पहिला आणि पहिला शेवटचा. नवी पदवी छापून आली ती ‘वसंत मीरा पवार’ यांच्या नावाने. सही झाली, शिक्का बसला, पाकीट पोस्टात पडलं. मुलीने ते उघडलं तेव्हा पदवी तिच्या वडिलांना मिळाली होती.

चूक कोणाची यावर विभागात दोन दिवस वाद झाला. मी लिपिकाच्या बाजूने होते आणि अजूनही आहे. दोन शब्दांचं नाव उलटवलं की एकच उत्तर येतं, पण तीन शब्द असले की ‘उलटं’ म्हणजे नक्की काय हे लिहिणाऱ्यानेच सांगायला हवं. तिला खरं तर आडनाव उचलून शेवटी न्यायचं होतं, बाकीचे दोन शब्द आहे त्याच क्रमाने राहायला हवे होते. ‘उलटा’, ‘अदलाबदल’, ‘मागेपुढे’ हे शब्द म्हणूनच मी पत्रातून काढून टाकते आणि दोन ओळी लिहायला लावते :

सध्या छापलेले नाव : पवार मीरा वसंत
अपेक्षित नाव : मीरा वसंत पवार

पदवी दोन लिप्यांत छापलेली असेल तर ही जोडी दोन्ही लिप्यांत द्या. अक्षरं मूळ पदवीवरून उतरवा, आठवणीतून नको. तिथे आधीच एखादी वेलांटी चुकलेली असेल तर तीही आत्ताच दिसेल. मात्र ती वेगळी दुरुस्ती आहे, तेव्हा ती वेगळ्या परिच्छेदात मागा. क्रमाच्या विनंतीत गुपचूप सरकवली, तर ‘स्पेलिंग बदलायचं नाही’ हे तुमचंच वाक्य खोटं पडतं.

आता पुरावा. सगळे पासपोर्टची प्रत जोडतात आणि लिहितात, ‘पासपोर्टप्रमाणे क्रम करावा’. पासपोर्टवर आडनाव आणि दिलेलं नाव बहुधा वेगवेगळ्या रकान्यांत असतात. खाली यंत्राने वाचायच्या ज्या ओळी असतात, त्यात आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे आडनाव आधीच येतं :

```
PAWAR<<MEERA<VASANT
```

दोन बाणांच्या आधी आडनाव आणि नंतर बाकीचं नाव. लिपिक ही ओळ पाहतो, तुमची पदवी पाहतो, दोन्हीकडे पवार पहिलं दिसतं आणि तो शेरा मारतो, ‘तफावत आढळत नाही’. त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही. म्हणून पासपोर्ट कोणता शब्द आडनाव आहे हे दाखवण्यासाठी जोडा, क्रम दाखवण्यासाठी नव्हे. क्रमासाठी पूर्ण नाव एका ओळीत असलेलं ओळखपत्र लागतं. आणि सगळ्यात वजनदार कागद म्हणजे ज्याने हरकत घेतली त्याचं पत्र. प्रवेश देणाऱ्या संस्थेने ‘तुमचं आडनाव वसंत की पवार?’ असा ईमेल पाठवला असेल तर तो छापून जोडा. ‘भविष्यात अडचण येऊ शकते’ या वाक्याने कोणाचीही फाईल हललेली मी पाहिली नाही.

घाईवाल्यांची आवडती चूक म्हणजे फक्त पदवीचा कागद मागणं. पदवी छापली जाते ती विद्यार्थी नोंदीवरून. कागद बदलला आणि नोंद तशीच राहिली, तर उद्या पडताळणीची विचारणा आल्यावर विभाग नोंद उघडणार, तिथे जुना क्रम दिसणार आणि उत्तर जाणार ‘नाव जुळत नाही’. म्हणजे ज्या कागदासाठी एवढी धडपड केली, त्याच कागदावर संशय. पत्रात स्पष्ट मागा : आधी नोंदीत दुरुस्ती, मग पदवी, आणि त्याबरोबर गुणपत्रकांचं काय करायचं त्याचा खुलासा. गुणपत्रकं सहसा पुन्हा छापत नाहीत. मग पदवीवर एक क्रम, गुणपत्रकांवर दुसरा.

कधीकधी आडनाव आधी छापणं हीच विद्यापीठाची पद्धत असते. तिथे क्रम बदलत नाहीत आणि भांडून उपयोग नसतो. म्हणून मी पत्राच्या शेवटी एक पर्यायी मागणी घालतेच :

‘क्रम बदलणे नियमात बसत नसल्यास, “पवार मीरा वसंत” व “मीरा वसंत पवार” ही एकाच विद्यार्थिनीची नावे असून त्यातील “पवार” हे आडनाव आहे, असे प्रमाणपत्र आपल्या सही-शिक्क्यानिशी द्यावे, ही विनंती.’

खरं सांगायचं तर बहुतेकांचं काम या एका कागदावर भागतं. नव्या पदवीची वाट पाहायची नाही आणि मूळ पदवी हातातून जात नाही. पण नवी पदवीच हवी असा हट्ट असतो, त्याला काय करणार.

हट्ट असेलच तर मूळ पदवी परत करावी लागते. देण्याआधी दोन्ही बाजूंची स्वच्छ प्रत काढा, आणि आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. लॅमिनेशन केलेलं असेल तर पत्रात आधीच कबूल करा. जुन्या पदवीवर अपॉस्टील, म्हणजे परदेशात दाखवण्यासाठी घेतलेलं सरकारी प्रमाणीकरण, असेल तर ते नव्या पदवीला चालत नाही. ते त्या कागदावरच्या सहीशिक्क्याचं असतं, तेव्हा नव्याने करून घ्यावं लागतं.

आणि पदवीदान व्हायचं असेल, छपाई झाली नसेल, तर हे सगळं सोडा. आजच अर्जातलं नाव तपासा आणि दोन ओळींचं पत्र परीक्षा विभागात देऊन या.