डांबरासाठी एक बूट, चिखलासाठी दुसरा: निवडायचे कसे?

दुकानात पळण्याचा बूट हातात घेतला की आधी उलटा करा. तो कोणत्या जमिनीसाठी बनवलाय, हे तळ पाहूनच कळतं.

डांबरी रस्त्याच्या बुटाचा तळ जवळजवळ सपाट असतो, कारण डांबराला जितकं जास्त रबर टेकेल तितकी पकड चांगली. चिखलात मात्र दाते हवेत, साधारण ५ ते ८ मिलिमीटर खोल. खोलीइतकंच दात्यांमधलं अंतरही बघा, याकडे फार कमी लोक लक्ष देतात. दाते दाटीवाटीचे असतील तर चार पावलांत मधल्या फटी चिखलाने भरतात आणि तळ गुळगुळीत होतो. पळताना बूट जड वाटू लागले आणि पाय मागे सरकू लागला, तर नेमकं हेच झालंय असं समजा.

ओला खडक ही वेगळी गोष्ट आहे. तिथे खोल दात्यांची फक्त टोकं टेकतात, त्यामुळे पकड रबराच्या मऊपणावर ठरते. नखाने दाबून पाहा, किंचित दबणारं रबर ओल्या दगडावर बरं. पण तेच डांबरावर लवकर झिजतं. शेवाळलेल्या दगडावर कोणत्याच रबराचा भरवसा धरू नका.

आता कुशनिंग. डांबर दबत नाही, म्हणून तिथे जाड फोम सुखाचा. चिखल स्वतःच दबतो. तिथे उंच फोमवर उभं राहिलं की घोटा मुरगळण्याची भीती वाढते, म्हणून पाय जमिनीजवळ ठेवणारा बूट घ्या.

ड्रॉप म्हणजे टाचेखालची आणि चवड्याखालची जाडी यांतला फरक. टाचेखाली ३४ आणि चवड्याखाली २४ मिलिमीटर असेल, तर ड्रॉप १०. ड्रॉप कमी झाला की पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर ताण वाढतो, जास्त असला की गुडघ्यावर.

समजा, तुम्ही आठवड्यातून चार दिवस पळता: तीन दिवस डांबरावर १० ड्रॉपच्या बुटात, एक दिवस चिखलात. चिखलासाठी ४ ड्रॉपचा बूट घेतलात, तर पहिल्या दिवशी त्यात दोन-तीन किलोमीटरच पळा आणि अंतर काही आठवड्यांत हळूहळू वाढवा. सकाळी उठल्यावर पहिल्याच पावलांना टाचेच्या मागे दुखलं, तर घाई झाली. मला विचाराल तर ६ ते ८ ड्रॉप घ्या, म्हणजे पोटरीला बदल फारसा जाणवणार नाही. चिखलाच्या वाटेपर्यंत दोन-तीन किलोमीटर डांबर तुडवावं लागत असेल, तर ४ मिलिमीटरच्या दात्यांवर समाधान माना. त्याहून खोल दाते डांबरावर वाकतात, तळव्याला टोचतात आणि झरझर झिजतात.

चिखलासाठी वॉटरप्रूफ बूट टाळाच. पाणी घोट्याकडून आत शिरतं आणि मग बाहेर पडत नाही. त्यापेक्षा पाणी चटकन निथळू देणारी जाळी चांगली.

बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घालून पाहा. पुढे अंगठाभर जागा हवी. नाडी बांधून चवड्यावर उभे राहा. टाच बुटातून वर निघाली, तर चिखल तो बूट ओढून घेणार.