एका शेंगदाण्यात दोन रंग: आयोडीनने स्टार्च, सुदानने तेल

स्टार्च बघायला बटाटा आणि तेल बघायला एरंडी, अशी दोन वेगळी सामग्री बहुतेक प्रयोगशाळांत काढून ठेवतात. मी कच्चा शेंगदाणा घेतो. त्याच्या जवळजवळ निम्म्या वजनाइतके तेल असते आणि त्याच पेशींमध्ये स्टार्चचे बारीक, गोलसर कणही असतात. आयोडीन आणि सुदान हे दोन्ही रंग नक्की कशाला धरतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी-शेजारी दिसते.

दाणा भाजलेला नको. कच्चा दाणा चार-पाच तास पाण्यात भिजवा, लाल साल काढा आणि एक डाळिंबी घ्या. नवे ब्लेड पाण्याने ओले करून आडवे, पातळ छेद घ्या. दहा-बारा छेद काढले की त्यातले दोन-तीन कामाचे निघतात. पूर्ण गोल छेद मिळालाच पाहिजे असे नाही. एका कडेला पाचरीसारखा निमुळता झालेला तुकडा चालतो, कारण बघायचे ते त्या पातळ कडेलाच. छेद ब्रशने उचलून पाण्याच्या वॉच ग्लासमध्ये सोडा. मेणात बसवलेले तयार छेद तेलासाठी निरुपयोगी आहेत. मेण चढवताना आणि उतरवताना झायलीन वापरतात, आणि त्यात तेल आधीच धुऊन गेलेले असते.

आयोडीनचे द्रावण करताना २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आधी थोड्याशा पाण्यात विरघळवा, त्यात १ ग्रॅम आयोडीन घाला, ते पूर्ण विरघळले की पाणी घालून १०० मिली करा. नुसत्या पाण्यात आयोडीन जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून हा क्रम. वापरताना मात्र हे द्रावण पाच ते दहा पट पातळ करा, फिकट चहाच्या रंगाचे. मुलांच्या बहुतेक काचपट्ट्या बिघडतात त्या इथेच: द्रावण कडक असले की सगळा छेद काळाकुट्ट होतो आणि कण वेगळे ओळखू येत नाहीत.

छेद काचपट्टीवर ठेवून एक थेंब घाला, मिनिटभर थांबा, जादाचे द्रावण टिपकागदाने ओढून घ्या, पाण्याचा थेंब घालून कव्हरस्लिप ठेवा. स्टार्चचे कण निळे ते निळे-काळे दिसतील. स्टार्चमधल्या अमायलोजची साखळी मळसूत्रासारखी गुंडाळलेली असते आणि आयोडीन तिच्या पोकळीत जाऊन बसते, त्यातून हा निळा रंग येतो. बाकी भाग पिवळसर-तपकिरी होतो. ती प्रथिने आहेत, त्यांना स्टार्च समजू नका. निळा रंग कुठेच दिसला नाही, तर तेच द्रावण बटाट्याच्या छेदावर घालून बघा. तिथेही रंग आला नाही, तर दोष द्रावणात आहे.

तेलासाठी ०.५ ग्रॅम सुदान ३ हे १०० मिली ७० टक्के अल्कोहोलमध्ये घाला, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करा (उघड्या ज्योतीवर कधीही नाही), थंड झाल्यावर गाळा. हातमोजे घाला, मिरचीपुडीत भेसळ म्हणून सापडणारा बंदी असलेला सुदान १ याच घराण्यातला.

सुदान तेलाशी रासायनिक क्रिया करत नाही. त्याला अल्कोहोलपेक्षा तेलात विरघळणे अधिक सोयीचे, म्हणून तो तिकडे जातो. पुढची सगळी पथ्ये यातूनच निघतात. अल्कोहोल याहून कडक घेतले, तर ते तेलच ओढून नेऊ लागते. छेद रंगात दहा-पंधरा मिनिटे झाकून ठेवा. झाकण नसेल तर अल्कोहोल उडते आणि छेदावर लाल सुयांसारखे स्फटिक पडतात. मग ५० टक्के अल्कोहोलमध्ये काही सेकंद बुडवा, पाण्यातून काढा आणि ग्लिसरीनच्या थेंबात ठेवा. नारिंगी-लाल, चकचकीत गोळे दिसतील. पेशीत तेल अतिसूक्ष्म थेंबांत असते. ब्लेडने फुटलेल्या पेशींतून ते बाहेर येऊन एकत्र होते, म्हणून छेदाच्या कडेला मोठे गोळे तरंगताना दिसतात. त्यांवरून पेशीतल्या थेंबांचा आकार ठरवू नका.

लाल दिसले म्हणजे तेलच, असेही नाही. पान किंवा खोडाच्या छेदात बाहेरच्या क्यूटिनचा थर आणि बुचाच्या भिंतींतले सुबेरिनही सुदान घेतात, पण तिथे गोळे नसून सलग रेघ दिसते. खात्रीसाठी एक छेद आधी अॅसिटोनमध्ये अर्धा तास ठेवा आणि मग रंगवा. तेल होते तिथला लाल रंग बहुतांशी गेलेला असेल.

दोन्ही रंग एकाच छेदावर हवे असतील, तर सुदान आधी. उलट केलेत तर अल्कोहोल आयोडीन विरघळवून नेते आणि निळे कण पांढरे पडतात. सुदान, ५० टक्के अल्कोहोल, पाणी, मग अगदी फिकट आयोडीन अर्धा मिनिट. आयोडीन तेलातही थोडे शिरते, त्यामुळे लाल गोळे किंचित तपकिरी वाटतील. म्हणून शेजारी एकेकट्या रंगाचे दोन छेद ठेवा आणि लगेच चित्र काढा. आयोडीनचा निळा रंग दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकेल याचा भरवसा नाही.