कमर्शियल पेपर, सीसी की तारण कर्ज? छापील व्याजदराला भुलण्याच्या या चुका टाळा

सोलापुरात टॉवेलची मोठी निर्यात ऑर्डर हातात आली की पहिला प्रश्न सुताचा असतो आणि दुसरा पैशाचा. सूत आज घ्यायचं, माल महिन्याभराने जाणार आणि परदेशातले पैसे त्याहून पुढे. मधले तीन महिने कोणाच्या पैशावर काढायचे, याचा निर्णय बहुतेक ठिकाणी एका आकड्यावर होतो. समोर तीन मार्ग असतात: कमर्शियल पेपर, म्हणजे कंपनीने थोड्या मुदतीसाठी बाजारात विकलेलं विनातारण वचनपत्र; सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, बँकेने मंजूर केलेल्या मर्यादेत हवे तेव्हा पैसे उचलायचं आणि भरायचं खातं; आणि मालमत्ता तारण ठेवून घेतलेलं कर्ज. तिघांचे व्याजदर कागदावर लिहितात, सर्वांत लहान आकड्याभोवती गोल करतात आणि सही होते. नेमकं इथेच पैसे जातात, कारण तिन्ही दर वेगवेगळ्या गोष्टीवर लागतात.

आधी पात्रतेचं पाहू. भागीदारी किंवा एकट्या मालकीच्या कारखान्याला कमर्शियल पेपर काढता येत नाही. साधारणपणे कंपनी असावी लागते, तिची बँक कर्जं नियमित असावी लागतात आणि पतमानांकन किमान ए3 हवं. पेपर 7 दिवसांपासून एक वर्षापर्यंतचा निघतो, तोही 5 लाखांच्या पटीत. हे झाले रिझर्व्ह बँकेचे नियम. बाजार त्याहून कडक आहे. म्युच्युअल फंडांसारखे मोठे खरेदीदार मुख्यतः ए1+ या सर्वांत वरच्या मानांकनाचा पेपर घेतात. ए3 मिळालं म्हणजे परवानगी मिळाली, गिऱ्हाईक मिळालं असं नव्हे. म्हणून पुढचं उदाहरण चांगलं मानांकन असलेल्या एका कंपनीचं घेतलं आहे. आकडे हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत, तुमच्या मंजुरीपत्रातले आकडे त्या जागी घाला.

चूक पहिली: दर पाहिला, गरजेचा आकार पाहिला नाही

चिंचोळी एमआयडीसीतली एक टॉवेल कंपनी आहे असं समजा. ऑर्डरसाठी आज 20 कोटी हवेत. माल तीन खेपांत जाणार आहे. पहिल्या खेपेचे 8 कोटी तीस दिवसांनी येतील, दुसरीचे 6 कोटी साठ दिवसांनी आणि उरलेले 6 कोटी नव्वद दिवसांनी. म्हणजे पहिला महिना 20 कोटींची गरज, दुसरा 12 कोटींची आणि तिसरा फक्त 6 कोटींची.

समोर तीन प्रस्ताव आहेत. कमर्शियल पेपर साडेसात टक्क्यांनी, 90 दिवसांचा. तारण कर्ज पावणेनऊ टक्क्यांनी, कारखान्याची जागा आणि सूत तारण ठेवून. सीसी साडेनऊ टक्क्यांनी. गोल अर्थातच पेपरभोवती पडतो.

आता रुपये मोजू. पेपरवर 20 कोटींचं 90 दिवसांचं व्याज सुमारे 37 लाख. मानांकनाची फी, पैसे वसूल-अदा करणाऱ्या बँकेची फी, मुद्रांक, डिमॅट असा इतर खर्च 6 लाख धरा. झाले 43 लाख. पेपर मुदतीआधी हप्त्याहप्त्याने फेडायची सोय नसते. त्यामुळे पहिल्या खेपेचे 8 कोटी आले की ते तीस दिवस पडून राहतात आणि तिसऱ्या महिन्यात 14 कोटी पडून राहतात. ते ठेवीत 5 टक्क्यांनी गुंतवले तर सुमारे 9 लाख परत मिळतील. निव्वळ खर्च 34 लाख. पण हे 34 लाख तुम्ही खरोखर वापरलेल्या पैशावर मोजायला हवेत. महिनाभर 20, महिनाभर 12, महिनाभर 6 एवढाच वापर झाला. त्या वापरावर खरा दर निघतो वर्षाला 10.9 टक्के.

सीसीत व्याज रोज बाकी असलेल्या कर्जावर लागतं. खेपेचे पैसे खात्यात पडले की त्याच दिवसापासून व्याज कमी. इथे व्याज होतं 29 लाख 67 हजार. वार्षिक प्रक्रिया शुल्क पाव टक्का धरलं तर 5 लाख, त्याचा तिमाहीचा वाटा सव्वा लाख. न वापरलेल्या मर्यादेवर अर्धा टक्का वार्षिक शुल्क धरलं तर 90 दिवसांत सुमारे 90 हजार. एकूण 31 लाख 82 हजार, खरा दर 10.2 टक्के. साडेसातचा पेपर साडेनऊच्या सीसीपेक्षा महाग पडला.

तारण कर्जाचं सगळं एका अटीवर आहे: मधेच अंशतः फेड करता येते का? येत असेल तर 27 लाख 33 हजार व्याज अधिक मूल्यांकन, कायदेशीर तपासणी, विमा मिळून 3 लाख, म्हणजे 9.7 टक्के. तिघांत सर्वांत स्वस्त. पण नव्वदाव्या दिवशी एकरकमीच फेडायचं असेल, तर पडून राहिलेल्या पैशाचं उत्पन्न वजा करूनही तोच दर 11.9 होतो, तिघांत सर्वांत महाग. एका अटीने सव्वादोन टक्के हलतात. दरासाठी मॅनेजरशी पाव टक्क्यावर घासाघीस करण्याआधी मंजुरीपत्रातली ही ओळ वाचा.

आणि गरज तिन्ही महिने सपाट 20 कोटींची असती तर? मग पडून राहणारे पैसेच नाहीत. पेपर 8.7, तारण कर्ज 9.4, सीसी 9.75. छापील दरांचा क्रम तेव्हा बरोबर ठरतो. म्हणून आधी आठवड्याआठवड्याची आवक-जावक मांडा, दर नंतर विचारा. हिशोबनीस जर विचारत असेल, "अण्णा, पहिल्या खेपेचे पैसे आले की ठेवायचे कुठं?" तर त्याला आधी बसवून घ्या, बँकेतला माणूस थोडा थांबेल.

आपली गरज कशी आहे हे गेल्या वर्षीच्या सीसीच्या उताऱ्यातून कळतं. वर्षात उचललेली रक्कम कधी एका पातळीच्या खाली गेलीच नसेल, तर तेवढी गरज कायमची आहे आणि ती सर्वांत महाग, लवचिक पैशावर चालली आहे. तेवढा भाग मुदतीच्या स्वस्त पैशाकडे न्या. वरचा चढउतार सीसीवर राहू द्या.

चूक दुसरी: सीसी फक्त हंगामापुरती घेणं

सीसीचा 10.2 टक्के दर आपण शुल्काचा चौथा हिस्सा धरून काढला. ही मर्यादा वर्षभर इतर कामांनाही वापरली जात असेल तरच ते योग्य. ती फक्त याच ऑर्डरसाठी घेतली आणि उरलेले नऊ महिने रिकामी पडली तर पूर्ण 5 लाख शुल्क याच तीन महिन्यांच्या डोक्यावर बसतं, शिवाय न वापरल्याचे आणखी सुमारे साडेसात लाख. एकूण खर्च 43 लाखांच्या वर जातो आणि खरा दर 13.8 टक्के होतो. लवचिकतेचे पैसे वर्षभर भरावे लागतात, वापरा किंवा नका वापरू. न वापरल्याचं शुल्क सगळ्या बँका सारखं लावत नाहीत. काही ठरावीक टक्के वापराच्या खालीच लावतात. ते विचारून घ्या.

पेपरवर व्याज आगाऊ कापून पैसे हातात येतात. त्याचा फरक मात्र लोक जेवढा मोठा समजतात तेवढा नाही. आठ टक्के आगाऊ कापले तर वर्षभराच्या कर्जावर खरा दर 8.7 होतो, कारण 100 च्या नावावर 92 च हाती येतात. पण 90 दिवसांत हा फरक पाव टक्क्याहूनही कमी असतो.

चूक तिसरी: मंजूर मर्यादा म्हणजे हातातले पैसे

मंजुरीपत्रावर 20 कोटी असतात, पण उचलता येते ती डीपी, म्हणजे साठा आणि येणी मोजून बँक ठरवते तेवढीच रक्कम. समजा साठा 16 कोटींचा, त्यातून सूतवाल्यांची देणी 6 कोटी वजा. उरले 10. येणी 14 कोटी, पण त्यातली 4 कोटी 90 दिवसांच्या वर गेलेली. ती बँक सहसा धरत नाही. उरले 10. दोन्हींवर पंचवीस टक्के मार्जिन, म्हणजे तुमचा स्वतःचा हिस्सा, काढलं तर साडेसात आणि साडेसात, म्हणजे डीपी 15 कोटी. 20 कोटींच्या सुताची बोलणी करून ठेवली असेल तर 5 कोटींचा खड्डा आहे, आणि तो चेक परत आल्यावर कळतो. निर्यातीच्या एका ग्राहकाचं पेमेंट लांबलं की माल विकूनही डीपी घसरते. स्टॉक स्टेटमेंट उशिरा गेलं तर बँक डीपी गोठवते किंवा दंड लावते.

इथेच तारण कर्जाचा सर्वांत महागडा गैरसमज लपलेला असतो. वरच्याच कंपनीने 10 कोटींचं सूत गोदामात दुसऱ्या बँकेकडे गहाण टाकून साडेसात कोटी उचलले, असं धरा. ते सूत आता सीसीच्या साठ्यात मोजता येत नाही. साठा उरला 6, देणी 6, म्हणजे शून्य. डीपी 15 वरून साडेसातवर येते. साडेसातचं नवं कर्ज, साडेसातने घटलेली सीसी. नवीन पैसा एक रुपयाही आला नाही, वर गोदामाचं भाडं, विमा आणि देखरेखीचा खर्च वाढला. तोच साठा दोन्हीकडे दाखवला तर ती फसवणूक ठरते, अनवधान म्हणून सुटका होत नाही. म्हणून सीसीच्या बँकेची ना-हरकत आधी लेखी घ्या. कंपनी असेल तर बोजाची नोंद कंपनी निबंधकाकडे 30 दिवसांत करायची असते. दुसऱ्या बँकेला ती तिथे दिसतेच.

नवा पैसा हवा असेल तर सीसीत न मोजलेली मालमत्ता तारण द्या: मुदत ठेव, मोकळा भूखंड, बँकेच्या बोजाबाहेरची इमारत.

चूक चौथी: पेपर फिरवता येईलच असं धरणं

पेपरची मुदत संपली की त्या दिवशी पूर्ण रक्कम द्यावी लागते. सीसीसारखं दोन दिवस चालवून घेण्याची सोय नाही. पुष्कळ कंपन्या जुना पेपर नव्या पेपरच्या पैशातून फेडतात आणि बाजार उघडा आहे तोवर हे चालतं. सप्टेंबर 2018 मध्ये आयएल अँड एफएस या पायाभूत सुविधा आणि वित्त क्षेत्रातल्या समूहाने कमर्शियल पेपर थकवले, तेव्हा त्यांच्याशी काही संबंध नसलेल्या कंपन्यांनाही नवा पेपर विकणं जड गेलं. खरेदीदार सगळ्यांकडेच संशयाने पाहू लागले होते.

म्हणून पेपरमागे तेवढ्या रकमेची मोकळी सीसी राखून ठेवा आणि तिचा खर्च पेपरच्याच खात्यात धरा. आपल्या उदाहरणात 20 कोटींवर अर्ध्या टक्क्याने 90 दिवसांचे सुमारे अडीच लाख होतात. सपाट गरजेतही पेपरचा 8.7 चा दर त्यामुळे 9.2 होतो आणि 9.4 च्या तारण कर्जाशी फरक जेमतेम उरतो. राखीव मर्यादा न ठेवता पेपर स्वस्त दिसत असेल, तर ती स्वस्ताई तुम्ही पत्करलेल्या धोक्याची आहे.

मुदत ठरवतानाही थोडं अंतर ठेवा. शेवटच्या खेपेचे पैसे नव्वदाव्या दिवशी अपेक्षित असतील तर डोळे झाकून नव्वदचाच पेपर काढू नका. जहाज लांबतं, कागदपत्रांत एखादी तफावत निघते, परदेशी बँक रक्कम रोखते. सगळे 20 कोटी शेवटीच येणार आहेत असं धरू. 105 दिवसांचा पेपर काढला तर साडेसात टक्क्यांनी पंधरा दिवसांचं जादा व्याज सुमारे सहा लाख होतं. राखीव सीसी दहा दिवसांसाठी उचलली तर साडेनऊ टक्क्यांनी सुमारे सव्वापाच लाख. मागच्या वर्षभरात तुमची पेमेंट किती वेळा आणि किती दिवस लांबली ते उताऱ्यावरून मोजा. क्वचित लांबत असतील तर नव्वदचा पेपर आणि हाताशी सीसी पुरे. दर दुसऱ्या खेपेला लांबत असतील तर जादा दिवस आधीच विकत घ्या.