जांभ्याचं बैठं कौलारू घर: चिरे उतरवण्याआधीची तयारी

कोकणात घर बांधायला घेतलं की आधी चिऱ्याचा दर ठरतो, नकाशा मागाहून येतो. हा क्रम उलटा करा. किनाऱ्याचा बराचसा भाग भूकंप क्षेत्र 3 मध्ये आणि कोयनेच्या बाजूचा पट्टा 4 मध्ये धरला जातो. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा धक्का रिश्टर मापनावर साडेसहाच्या आसपासचा होता. म्हणून खालचे आकडे मी कडक बाजूचेच घेतो.

उदाहरण म्हणून आत 6 मीटर रुंदीचं, एक मजली, दोनपाखी घर धरू. चिऱ्याची भिंत 230 मिमी, सिमेंटचा मसाला, जोत्यापासून वाशाच्या टेकणीपर्यंत उंची 3 मीटर. सगळ्यात आधी भिंतीची खरी जाडी मोजून घ्या, तीही गिलावा सोडून. चिरे ओबडधोबड असतील आणि गवंडी ते तासून बसवत असेल तर भिंत ठिकठिकाणी 200 वर येते, आणि पुढचं सगळं गणित याच आकड्यावर उभं आहे.

भिंतीची परिणामी उंची, म्हणजे वरचं टोक धरलेलं आहे की मोकळं ते पाहून हिशेबात घ्यायची उंची, भागिले जाडी म्हणजे तिचा कृशतेचा आकडा. सिमेंटच्या मसाल्यात तो 27 च्या आत लागतो. लांब बाजूची भिंत वर नीट धरलेली असेल तर 3 भागिले 0.23, म्हणजे 13. इथे काळजी नाही. काळजी आहे ती दोन टोकांच्या त्रिकोणी भिंतींची. छपराचा उतार 30 अंश धरला तर आढं वाशाच्या टेकणीपासून सुमारे 1.7 मीटर वर जातं, म्हणजे जोत्यापासून 4.7 मीटर. आढं आणि वासे भिंतीवर नुसते टेकवलेले असतील तर वरचं टोक मोकळंच राहतं आणि उंची दीडपट धरावी लागते: 4.7 गुणिले 1.5 भागिले 0.23, जवळपास 31. मर्यादा ओलांडली. तीच भिंत माथ्याच्या उतारावर काँक्रीटच्या पट्ट्याने बांधली आणि छपराला जखडली, तर आकडा 20 वर येतो. आढ्यापर्यंतची पूर्ण उंची घेणं ही कडक मोजणी आहे, पण भूकंपात आधी बाहेर कोसळतो तो हाच त्रिकोण, म्हणून मी सूट देत नाही. माझा आग्रह विचाराल तर चौपाखी छप्पर करा. जुन्या चौपाखी घरांत हा त्रिकोण नसतोच. दोनपाखीच हवं असेल तर वरचा त्रिकोण फळ्यांनी बंद करा, वाराही खेळतो.

आता दारं-खिडक्या. दर्शनी 6 मीटरच्या भिंतीत 1 मीटरचं दार आणि 1.2 मीटरच्या दोन खिडक्या मागितल्या जातात. बेरीज 3.4, म्हणजे भिंतीच्या 57 टक्के. एक मजली घरात मी 50 टक्क्यांच्या वर जात नाही. खिडक्या 90 सेंटिमीटरच्या केल्या की बेरीज 2.8 होते, 47 टक्के. उरलेल्या 3.2 मीटरपैकी दोन्ही कोपऱ्यांना 60-60 सेंटिमीटर आणि दोन उघड्यांच्या मधे एकेक मीटर भिंत मिळते. कोपऱ्याच्या आतल्या बाजूपासून 45 सेंटिमीटर आणि दोन उघड्यांमधे 56 सेंटिमीटर हे किमान. वाऱ्यासाठी कोपऱ्यात खिडकी मागतात, त्याला ठाम नाही म्हणा. हवा उंचीने वाढवा, रुंदीने नको.

बांधकामाला लागण्याआधी सळया आणि रेती जागेवर हवी. दारा-खिडक्यांच्या माथ्यावर, लिंटेलच्या पातळीवर, चारही भिंतींवरून आणि आतल्या भिंतींवरूनही काँक्रीटचा अखंड पट्टा फिरतो. या 6 मीटरच्या गाळ्याला 10 मिमीच्या दोन सळया, दर 15 सेंटिमीटरवर 6 मिमीची कडी. जाडी किमान 75 मिमी असते, पण खाऱ्या हवेत सळईवर काँक्रीटचं आवरण जास्त राहावं म्हणून मी 100 करतो. खाडीची रेती न धुता वापरू नका. मिठाने सळई गंजते, फुगते आणि पट्टा लांबीने चिरतो. पट्ट्याखाली किंवा वर आडवी, गंजाचा डाग असलेली भेग दिसली की कारण बहुतेक हेच. काँक्रीट ओतण्याआधी कोपऱ्यावर स्वतः जाऊन बघा: दोन्ही भिंतींच्या सळया तिथे नुसत्या संपलेल्या चालत नाहीत, वाकवून पुढच्या भिंतीत गेलेल्या हव्यात. तीच गत वाशाच्या टेकणीच्या पट्ट्याची.

चिरे रचताना कोपऱ्यात दोन्ही भिंती एकत्र चढवायच्या. एक भिंत पूर्ण करून दुसरीसाठी दाते सोडण्याची सवय मोडून काढा, कारण दात्यांच्या खाचा मसाल्याने क्वचितच पुऱ्या भरतात. थांबायचंच तर पायरीसारखी उतरती ठेवा. क्षेत्र 4 मध्ये कोपऱ्यात आणि दारा-खिडक्यांच्या बाजूंना 10 मिमीची उभी सळईही हवी, पायापासून वरच्या पट्ट्यापर्यंत. तिच्याभोवती चिरा खाचून जागा ठेवायला आणि ती काँक्रीटने भरायला गवंड्याला आधीच सांगा, नाहीतर तो सळई मसाल्यात दाबून मोकळा होतो.

वाशांच्या टेकणीचे बोल्ट पट्टा ओला असतानाच रोवावे लागतात. म्हणून त्या दिवशी सुतारालाही बोलावून वाशांची जागा पट्ट्यावर आखून घ्या.