मोबाईल डेटावर मेसेज जातो, घरच्या वायफायवर अडकतो: बिघाड कुठे आहे ते असं शोधा

सेलूला मामांचं मोंढ्यात आडतीचं दुकान आहे. संध्याकाळी घरी आले की ते शेतकऱ्यांना हिशोबपट्टीचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. या जूनपासून दर फोटोला ते वायफाय बंद करून अंगणात जायला लागले. "नुस्तं घड्याळच फिरायलंय बघ. लिहिलेलं जातंय, फोटो जाईना," असं त्यांनी फोनवर सांगितलं आणि त्या एका वाक्यात अर्धं निदान होतं.

मेसेजशेजारी घड्याळाचं चिन्ह असेल तर तो तुमच्या फोनमधून सर्व्हरपर्यंत पोचलेला नाही. एक टिक आली असेल तर तो पोचलाय, समोरच्याचा फोन बंद असेल. त्यात तुमच्या राउटरचा दोष नाही. हा लेख घड्याळावर अडकलेल्या मेसेजसाठी आहे.

आधी फोनमधला व्हीपीएन बघा

व्हीपीएन म्हणजे फोनपासून दूरच्या एखाद्या सर्व्हरपर्यंत टाकलेलं बंद नळकांडं. तो चालू असला की तुमची सगळी ये-जा त्यातूनच होते. बऱ्याच व्हीपीएन अ‍ॅपमध्ये वायफायला जोडताच आपोआप सुरू होण्याची सोय असते. म्हणून मोबाईल डेटावर तो बंद आणि घरी आल्यावर चालू, असं होतं आणि आपल्या लक्षातही येत नाही. वरच्या पट्टीत किल्लीचं किंवा `VPN` असं चिन्ह दिसतंय का ते बघा.

अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये `VPN` शोधा आणि अ‍ॅपच्या नावापुढचं चक्र दाबा. तिथे `Always-on VPN` आणि `Block connections without VPN` असे दोन पर्याय असतात. दुसरा चालू असेल आणि व्हीपीएन जोडला गेला नसेल, तर वायफायची खूण पूर्ण दिसते पण फोनमधून काहीच बाहेर पडत नाही. दोन्ही बंद करा, व्हीपीएनही बंद करा आणि मेसेज पाठवा. गेला तर दोष व्हीपीएनचा होता, राउटरला हात लावू नका.

मामांच्या फोनमध्ये व्हीपीएन नव्हताच. मामींच्या फोनवरूनही फोटो जात नव्हता, म्हणजे बिघाड फोनमध्ये नसून राउटरमध्ये किंवा त्याच्या पुढे होता.

मग एक शब्द पाठवा आणि एक फोटो पाठवा

ही चाचणी सोपी आहे, पण सगळ्यात जास्त तीच सांगून जाते. दोन्ही अडकले आणि ब्राउझर मात्र चालतोय, तर राउटरमधली पालक-नियंत्रण किंवा फायरवॉलची यादी तपासा; तिथे ते अ‍ॅप अडवलेलं असू शकतं. फोनमधलं `Private DNS` देखील एकदा `Off` करून बघा. शब्द जातो आणि फोटो अडकतो, तर संशय माहितीच्या तुकड्याच्या आकारावर घ्यायचा.

इंटरनेटवर माहिती तुकड्या-तुकड्यांनी जाते. एका तुकड्याची कमाल मर्यादा म्हणजे एमटीयू, आणि घरातल्या वायफायवर ती साधारण 1500 बाइट असते. पण आपल्याकडे बरीच ब्रॉडबँड जोडणी युजरनेम-पासवर्डने चालते, तिला पीपीपीओई म्हणतात. त्यात प्रत्येक तुकड्यावर 8 बाइटचं जादा वेष्टन चढतं आणि आत जागा उरते 1492. राउटरला हे माहीत असेल तर तो फोनला आधीच लहान तुकडे करायला लावतो. राउटरमध्ये चुकून 1500 भरलेलं असेल तर मोठे तुकडे पुढे जातात आणि वाटेतच टाकून दिले जातात, बहुतेक वेळा कुणालाही न कळवता. "हो, निघालो" हा मेसेज एका छोट्या तुकड्यात मावतो, म्हणून निसटतो. फोटोचे सगळे तुकडे काठोकाठ भरलेले, म्हणून तो अडतो. मोबाईल डेटावर तुकड्याचा आकार कंपनीचं नेटवर्कच फोनला सांगतं, म्हणून तिकडे अडचण येत नाही.

मामांच्या घरी झालं असं, की वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि जुना राउटर जळाला. तो जोडणीवाल्याने दिलेला होता, आकडे नीट भरलेले होते. नवा बाजारातून आणला, शेजारच्या पोराने युजरनेम-पासवर्ड घालून चालू करून दिला. इंटरनेट आलं, पोरगं गेलं. 1500 तसंच राहिलं.

व्हीपीएनचा इथे चाचणीसाठी उपयोग करा

खात्री करायला मामींच्या फोनवर मी वायरगार्ड नावाचं व्हीपीएन अ‍ॅप जोडून दिलं. फोटो लगेच गेला. अँड्रॉइडवरच्या वायरगार्ड अ‍ॅपमध्ये आतल्या तुकड्याची मर्यादा ठरवली नसेल तर 1280 असते. वेष्टन धरूनही तो 1492 च्या आत मावतो. व्हीपीएन लावल्यावर जातं आणि काढल्यावर अडतं, तर दोष राउटर किंवा जोडणीच्या आखणीत आहे, वायफायच्या रेंजमध्ये नाही. पण व्हीपीएन कायमचा लावून ठेवणं हा उपाय नाही. तुमची सगळी ये-जा व्हीपीएनवाल्याच्या सर्व्हरवरून फिरून जाते, आणि काही बँकांची अ‍ॅप त्यावर चालायला नकार देतात.

आकडा मोजा आणि राउटरमध्ये भरा

त्याच वायफायवर विंडोजचा लॅपटॉप जोडा, व्हीपीएन बंद ठेवा आणि `cmd` उघडून हे टाका:

```
ping 1.1.1.1
ping -f -l 1472 1.1.1.1
ping -f -l 1464 1.1.1.1
```

पहिल्या ओळीला `Reply from` असं उत्तर यायलाच हवं. नाही आलं तर दुसरा पत्ता घ्या. दुसऱ्या ओळीतल्या 1472 मध्ये पिंगच्या स्वतःच्या वेष्टनाचे 28 बाइट मिळवले की 1500 होतात. मामांकडे इथे `Request timed out` आलं. तिसऱ्या ओळीला उत्तर आलं: 1464 अधिक 28 म्हणजे 1492. तिसरीही अडली तर आकडा दहा-दहाने कमी करत जा, उत्तर मिळेल त्या सगळ्यात मोठ्या आकड्यात 28 मिळवा.

आता ब्राउझरमध्ये `192.168.1.1` किंवा `192.168.0.1` उघडा. नेमका पत्ता राउटरच्या पाठीमागच्या चिठ्ठीवर असतो. `WAN` किंवा `Internet` या पानावर, कधी `Advanced` च्या आत, `MTU` चा रकाना असतो. तिथे काढलेला आकडा भरा, `Save` करा आणि राउटर बंद करून चालू करा. पाठीमागचं बारीक भोकातलं `Reset` बटण मात्र दाबू नका. त्याने युजरनेम-पासवर्ड पुसला जातो, आणि जोडणीवाला येईपर्यंत आख्खं घर इंटरनेटशिवाय राहतं.

मामांनी 1492 भरलं आणि त्या दिवशीच्या अकरा पट्ट्या ओसरीवर बसूनच गेल्या.

राउटरच्या त्याच पानावर जोडणीचा प्रकार `PPPoE` ऐवजी `Dynamic IP` लिहिलेला असेल तर सहसा 1500 हाच आकडा बरोबर असतो, तो उगाच बदलू नका. आणि 1472 लाही नीट उत्तर येत असेल, तरी फोटो अडतच असेल, तर तुकड्याच्या आकाराचा संशय सोडा. जोडणीवाल्याला फोन करून नेमकं एवढं सांगा: दोन फोनवर तपासलं, व्हीपीएन लावला की जातं, काढला की जात नाही, आणि मोठा पिंग पूर्ण जातोय. "नेट स्लो आहे" म्हटलं तर तो राउटर बंद-चालू करायला सांगून फोन ठेवतो. एवढं सांगितल्यावर त्याला त्याच्या बाजूची आखणी बघावी लागते.